तीन दिवसांच्या आतली सुई

तिला सगळे भिंगरी म्हणत. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून बापाने ते नाव ठेवलं. पुढे ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायला लागली आणि नाव असं काही चिकटलं, की खरं नाव सरकारी कागदांपुरतं उरलं. दुकानाच्या मागच्या खोलीत दगडी चाक होतं, त्यावर पाण्याची बारीक धार पडत असे. काचेची कड चाकाला लावायची आणि फ्रेमच्या मापात बसेपर्यंत फिरवत राहायची, हे तिचं काम. संध्याकाळी बोटांची टोकं सुरकुतलेली आणि नखांत काचेचा पांढरा गाळ. बाहेरून मालक ओरडायचा, "भिंगरे, मायनसचं कुठवर आलं?" ही आतून, "मायनस झालं, प्लसला बसतेय!" गिऱ्हाइकं हसायची.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. कुठल्याही इमारतीत शिरला की आधी मान वर करून लिफ्टचा आवाज ऐकायचा. बोलणं मोजकं. तो म्हणे, "लिफ्टमध्ये अडकलेली माणसं इतकं बोलतात, की माझा कोटा तिथेच संपतो." आणि घरात सासू. ती शाळेच्या मुलांचे गणवेश शिवायची. पुढची खोली निळ्या कापडाने भरलेली, मशीनची घरघर दिवसभर. तरुणपणीच नवरा गेला, तेव्हापासून याच मशीनवर तिने मुलगा वाढवला होता. आजारपण, बाळंतपण, मोडलेलं हाड, फसलेलं लग्न, शेजारपाजारच्या बायका काहीही घेऊन तिच्याकडे येत आणि ती सुईत दोरा ओवता ओवता सल्ला देई. बहुतेक वेळा तो बरोबरही निघे.

सासू-सुनेचं जमणार नाही, अशी पैज मारणाऱ्या बायका हरल्या होत्या. भिंगरीची आई ती लहान असतानाच गेली होती. मागे एक धाकटी बहीण, तेवढीच. त्यामुळे या घरात आल्यावर कुणीतरी आपल्या केसांना तेल लावतंय, जेवलीस का विचारतंय, याचंच तिला अप्रूप. सासू तिला रागावली तरी ती हसायची. "हसतेस काय भिंगरे, मी ओरडतेय," सासू म्हणायची, आणि मग तिलाच हसू फुटायचं.

दिवस राहिले तेव्हा सासूने निळ्या कापडाच्या ढिगाऱ्यात एक पिवळा तुकडा बाजूला काढून ठेवला. नवरा एका संध्याकाळी उगाचच लवकर घरी आला आणि काही न बोलता त्याने भांडी घासून ठेवली. इमारतीत ती गोष्ट फार गाजली.

चौथ्या महिन्यात दुकानात, चाकावर बसलेली असतानाच तिच्या पोटात कळ आली. आधी तिला वाटलं, फार वेळ वाकून बसले म्हणून असेल. उठली तर स्टुलावर रक्त. मालकाने रिक्षा केली, आणि वाटेतच तिला कळलं, की संपलं.

दवाखाना छोटा होता, दोन मजली, वर चार खाटा. डॉक्टर म्हणाले, "गर्भ पडलाय, पण सगळं बाहेर आलेलं नाही. पिशवी साफ करावी लागेल." रक्त तपासायला घेतलं, भूल दिली, साफ केलं. भिंगरी शुद्धीवर आली तेव्हा सासूचा हात तिच्या कपाळावर होता, आणि नवरा दारात पाठमोरा उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी सोडताना तिथल्या सिस्टरने सासूला जिन्याशी गाठलं.

"त्यांचं रक्त निगेटिव्ह आहे हो. मिस्टरांचं?"

"पॉझिटिव्ह. कामावरच्या ओळखपत्रावर लिहिलंय त्याच्या."

"मग एक इंजेक्शन लागेल. अँटी-डी म्हणतात. आमच्याकडचं संपलंय. मोठ्या मेडिकलमध्ये मिळेल, बर्फात ठेवून आणा, इथे टोचून देऊ. तीन दिवसांच्या आत हं. विसरू नका."

"कशासाठी असतं ते?"

"पुढच्या वेळी त्रास नको म्हणून," सिस्टर म्हणाली. तेवढ्यात कळा देणाऱ्या एका बाईला खालून वर आणलं, आणि सिस्टर धावली. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि ते त्या बाईमागे गेले. पुढे दवाखान्यातलं कुणी त्या इंजेक्शनाबद्दल काही बोललं नाही.

सासू अडाणी नव्हती. हे इंजेक्शन तिला माहीत होतं. वरच्या मजल्यावरच्या सुनेला बाळंतपणानंतर दिलेलं तिने स्वतः पाहिलं होतं. तिथे आधी बाळाच्या नाळेचं रक्त तपासलं, ते पॉझिटिव्ह निघालं, म्हणून आईला सुई दिली. तिने घरी येऊन मुलाला तसंच समजावलं. "बाळाचं रक्त बघून देतात रे ते. इथे बाळच राहिलं नाही, तर बघणार कुणाचं आणि देणार कशाला? पोरीला टोचटोच टोचलंय. जरा निवांत पडू दे."

"तुला कळतं त्यातलं," नवरा म्हणाला.

भिंगरी आत भिंतीकडे तोंड करून पडली होती. "आई, सिस्टर कसलं तरी इंजेक्शन म्हणत होती ना?"

"ते बाळंतिणीचं गं. तू झोप."

आणि ती झोपली. खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं. पुन्हा त्या जिन्याने वर जायचं, पुन्हा त्या खाटेवर पडायचं, पुन्हा कुणीतरी हात लावणार, हे काहीच नको होतं. सासूने दूध गरम करून दिलं, पायांना तेल चोळलं. पिवळा तुकडा ढिगाऱ्यातून नाहीसा झाला. तीन दिवस गेले, आठवडा गेला, आणि भिंगरी पुन्हा चाकावर जाऊन बसली.

दीड-दोन वर्षांनी पुन्हा दिवस राहिले. या वेळी कुणी जोखीम घ्यायची नाही असं ठरलं, आणि नाव मोठ्या इस्पितळात घातलं. तिथे लांबलचक रांगा, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर हसऱ्या बाळांची चित्रं. पहिल्याच भेटीत रक्ताच्या चार-पाच नळ्या भरून घेतल्या. पुढच्या भेटीत नर्सने तिचा नंबर मधूनच पुकारला आणि तिघांनाही आत बोलावलं.

डॉक्टरीणबाई मध्यमवयीन होत्या, चष्मा नाकावर खाली घसरलेला. भिंगरीच्या मनात आलं, नाकावरची पकड सैल झालीय, दोन मिनिटांचं काम आहे. बाईंनी विचारलं, "आधी एकदा गर्भपात झाला होता ना? तेव्हा अँटी-डी घेतलं होतं?"

नवऱ्याने आईकडे पाहिलं. मग सासू म्हणाली, "नाही. बाळ नव्हतं ना राहिलं."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं भिंगरीला पुढे कितीदा तरी वाटलं. त्या हळू बोलल्या.

"बघा, तुमच्या रक्तात एक खूण नाही, म्हणून निगेटिव्ह म्हणायचं. वडिलांच्या रक्तात ती आहे, आणि पोटातलं मूल ती वडिलांकडून घेऊ शकतं. गर्भ पडतो, पिशवी साफ होते, तेव्हा बाळाच्या रक्ताचे थोडे थेंब आईच्या रक्तात मिसळतात. बाळ जन्मलंच पाहिजे असं काही नाही. आईच्या शरीराला ती खूण परकी वाटते. ते त्या खुणेविरुद्ध लढायला शिकतं. त्या पहिल्या बाळाला सहसा काही होत नाही, शिकायला वेळ लागतो. पण एकदा शिकलं, की पुढचं खूण असलेलं बाळ पोटात आलं रे आलं, शरीर त्याच्या रक्तावर तुटून पडतं."

"आणि ते इंजेक्शन?" नवऱ्याने विचारलं.

"ते आधीच जाऊन बाळाचे थेंब निपटून काढतं. शरीराला शिकायची संधीच देत नाही. बाळंतपण असो, गर्भपात असो, आपण करून घेतलेला असो की आपोआप झालेला, बाई निगेटिव्ह असेल तर विचारायचंच. आणि पडलेल्या गर्भाचं रक्त तपासता येत नाही, म्हणून तिथे तो पॉझिटिव्ह असेल असंच धरून चालायचं."

सासूच्या मांडीवर पिशवी होती. तिचा बंद ती बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"मग आता द्या," ती म्हणाली. "आता द्या की. दोन द्या, चार द्या. आम्ही बर्फात घालून आणतो."

"आता उपयोग नाही, आजी. शरीर शिकलंय. तपासणीत तेच आलंय. शिकलेलं विसरायला लावणारं औषध नाही कुठे."

"तीन दिवस म्हणाली होती ती," सासू पुटपुटली. "तीन दिवस टळले की गेलंच, असं…"

"तीन दिवसांत सगळ्यात चांगलं. पण टळले तरी यायचं असतं. दहा दिवसांपर्यंत देतो आम्ही, काही ना काही फायदा होतो."

दहा दिवस. त्या दहा दिवसांत सासूने तिच्यासाठी काय काय केलं होतं, ते भिंगरीला आठवलं. पायांना तेल, दूध, खिडकीला पडदा. दवाखाना रिक्षाने पाव तासावर होता.

परतताना नवरा लिफ्टपाशी थबकला नाही. तिघं जिन्याने उतरली.

मग सुरू झाल्या फेऱ्या. आधी महिन्याने रक्त, मग पंधरा दिवसांनी. तिच्या रक्तातल्या त्या शिकलेल्या सैनिकांची मोजणी करायची, आणि आकडा दर वेळी चढलेला निघायचा. मग सोनोग्राफी. बाळाच्या डोक्यातल्या एका शिरेत रक्त किती वेगाने धावतंय ते मोजायचं. रक्त पातळ झालं, लाल पेशी कमी पडल्या, की ते वेगाने धावतं. पडद्यावर उंच-सखल रेघ उमटायची, आणि सोनोग्राफीवाला पोरगेला डॉक्टर जीभ गालात धरून बसायचा. तो एरवी गप्पिष्ट होता. गप्प बसला की भिंगरीला कळायचं.

"बाळाला रक्त कमी पडतंय," एके दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाहेरून द्यावं लागेल."

"पोटातल्या बाळाला?"

"हो. तुमच्या पोटातून सुई नाळेपर्यंत न्यायची. निगेटिव्ह रक्त द्यायचं, म्हणजे तुमचं शरीर त्याच्या अंगावर जाणार नाही. ते केलं तर पुष्कळ बाळं वाचतात."

भिंगरीने तो शब्द मुठीत धरून आणला घरी. पुष्कळ. सासूला सांगितला, नवऱ्याला सांगितला, दुकानात मालकाला सांगितला. मालक म्हणाला, "बघ, विज्ञान कुठल्या कुठे गेलंय," आणि त्याने तिला चाकावरून उठवून काउंटरवर बसवलं.

पहिल्यांदा रक्त दिलं तेव्हा ती डोळे उघडे ठेवून पडली होती. सुई लांब होती. पडद्यावर बाळ पाठमोरं, नाळ दोरीसारखी, आणि सुईचं टोक बारीक चकाकणारं. एका कोपऱ्यात रक्ताची लहानशी पिशवी. कुणीतरी अनोळखी माणसाने दिलेलं रक्त तिच्या अंगातून पार होऊन तिच्या बाळाकडे चाललं होतं. तिचं स्वतःचं रक्त मात्र त्याला मारायला टपलेलं. बाहेर आल्यावर तिने नवऱ्याला हेच सांगितलं. तो म्हणाला, "असलं काही बोलू नकोस." थोड्या वेळाने म्हणाला, "तुझं शरीर म्हणजे तू नव्हेस." तिला ते पटलं नाही. पण त्याच्या मानाने ते फार मोठं भाषण होतं, म्हणून तिने ते खोडलं नाही.

दुसऱ्या वेळेपर्यंत थांबावं लागलं नाही. ठरलेल्या दिवसाच्या आधीच हालचाल मंदावली. सोनोग्राफीवाला पोरगा गप्प. बाळाच्या पोटात पाणी, छातीत पाणी, कातडीखाली पाणी. रक्त कमी पडून पडून हृदय थकलं होतं. घाईने सुई घातली, पण सुई नाळेत असतानाच पडद्यावरचा ठोका संथ झाला. लगेच ऑपरेशन करून बाळाला बाहेर काढलं. सातवा महिना नुकता लागलेला. मुलगी होती. फुगलेली, फिकट. ती रडली नाही, तासाभराने गेली. नर्सने तिला कापडात गुंडाळून भिंगरीच्या कुशीत दिली. भिंगरीने बोटं मोजली, सगळी होती. मग तिने तिच्या कानाशी तोंड नेऊन माफी मागितली. काय म्हणाली ते तिने कुणाला सांगितलं नाही.

घरी निळं कापड तसंच पडून होतं. सासूने मशीन बंद ठेवलं होतं. शाळावाले निरोप धाडत होते, ती उत्तर देत नव्हती. इमारतीतल्या बायका आल्या, बसल्या, गेल्या. एकीने नेहमीसारखं सासूलाच विचारलं, की आता पोरीला काय द्यायचं, काय टाळायचं. सासू म्हणाली, "मला विचारू नका. मला काही कळत नाही." बाई ओशाळून उठली. त्यानंतर कुणी तिच्याकडे सल्ला मागायला आलं नाही, आणि आलं असतं तरी तिने दिला नसता.

एका दुपारी ती भिंगरीच्या खाटेशी येऊन उभी राहिली. तिच्या हातात कात्री होती, ठेवायची विसरली असावी.

"माझ्यामुळे," ती म्हणाली.

भिंगरीला म्हणायचं होतं, नाही हो आई. शब्द तोंडाशी आलेही होते. सिस्टर घाईत होती, डॉक्टरांनी विचारलं नाही, अहोंनी ऐकून घेतलं, मी झोपले. दोष चौघाचौघांत वाटला तरी उरला असता, इतका होता. पण सासूचा वाटा त्यात नव्हता असं म्हणणं खोटं होतं, आणि तिला खोटं बोलवेना. खरं बोलायचं तर, हीच बाई आपल्याला जगात सगळ्यात प्रेमाने वागवते. मग तिच्यावर ओरडायचं तरी कसं? ती नुसती बघत राहिली. सासू थोडी थांबली आणि कात्री घेऊन परत गेली.

त्या दिवसापासून दोघींत भांडण असं कधी झालं नाही. फक्त सासूने तिच्या केसांना तेल लावणं सोडलं, आणि भिंगरीने ते मागितलं नाही.

काही महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याचंही रक्त तपासायला सांगितलं. काही पुरुषांत ती खूण एकाच बाजूने, म्हणजे फक्त आईकडून किंवा फक्त बापाकडून आलेली असते, मग निम्मी मुलं आईवर जायची शक्यता असते. तशा मुलाला आईचं रक्त हात लावत नाही. नवरा रोज विचारायचा, निकाल आला का. तो आला. दोन्ही बाजूंनी पॉझिटिव्ह. त्याचं प्रत्येक मूल खूण घेऊनच येणार.

"माझ्यातच…" तो म्हणाला आणि थांबला. बाई म्हणाल्या, "यात दोष काही नाही. जगात बहुतेक माणसं पॉझिटिव्हच असतात." तो मान हलवत राहिला.

त्यांनी आणखी एकदा धाडस केलं. खरं तर ठरवून नव्हे, पण राहिलं आणि तिने काढून टाकलं नाही. बाईंनी आधीच सांगितलं होतं, की दर खेपेला हे लवकर सुरू होतं आणि जास्त जोरात येतं. या वेळी पाचव्या महिन्याच्या आतच पाणी साचलं. नाळ इतकी बारीक, की सुई लावायला जागा नाही. प्रयत्न करायच्या आधीच ठोका थांबला. मुलगा होता. भिंगरी त्या वेळी रडली नाही. नर्सला वाटलं, बाई खंबीर आहे.

"अजून मार्ग आहेत," बाई म्हणाल्या. "अगदी सुरुवातीपासून औषधं देऊन बघता येतं. सोपं नाही, पण अशक्यही नाही. घाई करू नका, विचार करा."

"विचार केला," भिंगरी म्हणाली. "मी पुन्हा कुणाला माझ्या पोटात मारायला ठेवणार नाही."

 पुढे तिच्या ध्यानात आलं, की आजकाल लिफ्टमध्ये लहान मूल घेऊन कुणी शिरलं की नवरा बाहेर थांबतो.

मग धाकटीचं झालं. धाकटी म्हणजे भिंगरीची बहीण, लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारी. चौथ्या महिन्याच्या सोनोग्राफीत कळलं, की बाळाच्या डोक्याची कवटीच बनलेली नाही. जन्माला आलं तरी जगणार नाही. डॉक्टरांनी गर्भपाताचा सल्ला दिला. धाकटीचा नवरा कामानिमित्त लांब होता, सासर जेमतेम. तिने ताईला फोन केला. भिंगरी चपला घालत होती तेव्हा सासू मशीनवरून उठली.

"मी येते," ती म्हणाली. कितीतरी दिवसांत तिने आपण होऊन काही म्हटलं नव्हतं.

धाकटीही निगेटिव्ह होती. बसमध्ये दोघी शेजारी बसल्या होत्या. सासू मधूनच म्हणाली, "मी त्यांच्यासमोर बसून राहीन. दिल्याशिवाय हलायची नाही. मेडिकल कुठे आहे ते आधीच बघून ठेवू. बर्फ लागेल." तिने खरोखरच पिशवीत झाकणाचा डबा आणला होता. भिंगरीने खिडकीबाहेर पाहिलं.

इस्पितळात गोळ्या देऊन गर्भ पाडायचं ठरलं. वेळ लागला, धाकटी ओरडली, घामाने भिजली, भिंगरीने तिचा हात धरून ठेवला. सगळं आटोपल्यावर ती थकून डोळे मिटून पडली. सासू दाराशी खुर्ची ओढून, डबा मांडीवर घेऊन, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक नर्सकडे बघत होती. तिच्या मानेची शीर ताठ झाली होती. भांडायला निघालेल्या बाईसारखी ती बसली होती.

एक नर्स आत आली. अगदी तरुण, कानात लहानसे खडे, गुणगुणत. हातात स्टीलची तबकडी.

"ताई, तुम्ही निगेटिव्ह ना? रक्तात अजून काही तयार झालेलं नाही, ते बघितलंय आम्ही. म्हणून हे अँटी-डी देते. दंड इकडे करा."

धाकटीने दंड पुढे केला. नर्सने कापूस फिरवला, सुई टोचली, दट्ट्या दाबला, सुई काढली, कापूस धरला. "थोडं दुखेल दंडात. पुढच्या वेळी दिवस राहिले की डॉक्टरांना सांगा, हे घेतलंय म्हणून. मधे एक घ्यावं लागेल, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतरही." आणि ती गुणगुणत निघून गेली. दाराशी सासूला म्हणाली, "आजी, जरा पाय आत घ्या, कुणीतरी अडखळेल."

सासूने पाय आत घेतले.

"एवढंच?" ती म्हणाली.

ती भिंगरीकडे वळली.

"भिंगरे, एवढंच होतं?"

डबा तिच्या मांडीवरून खाली पडला आणि झाकण घरंगळत खाटेखाली गेलं. ती दोन्ही हात तोंडावर धरून अशी रडली, की शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. इतकी वर्षं तिच्या मनात ती सुई केवढी तरी मोठी असणार. अवघड, महागडी, डॉक्टरांनाही कठीण जाणारी, आपल्या आवाक्याबाहेरची. तिला ती तशीच असायला हवी होती. आणि ती निघाली एका गुणगुणणाऱ्या मुलीच्या हातातली, दोन मिनिटांची.

भिंगरी खाटेखाली वाकली आणि झाकण काढून आणलं. डब्याला लावलं. तिच्या मनात पुन्हा आलं, आता म्हणावं, तुमची चूक नव्हती. पुन्हा नाही म्हणवलं. ती सासूशेजारी जमिनीवर बसली, तिच्या गुडघ्याला खांदा टेकून. सासूचा हात तिच्या डोक्यावर आला, केसांत थोडा घुटमळला आणि परत मांडीवर गेला.

धाकटीला पुढे दोन वर्षांनी मुलगा झाला. सगळ्या तपासण्या स्वच्छ निघाल्या, तिच्या रक्ताने काही शिकून ठेवलं नव्हतं. बाळ पॉझिटिव्ह होतं, गुटगुटीत, आवाज खणखणीत. बाळंतपणानंतर तिला पुन्हा ती सुई दिली. सासूने चार झबली शिवून दिली, पण बघायला आली नाही. म्हणाली, "गुडघे दुखतात." मशीनवर बसताना तिचे गुडघे दुखत नव्हते.

भिंगरी गेली. धाकटीने मूल तिच्या हातात ठेवलं आणि मुद्दाम दुसऱ्या खोलीत निघून गेली, ताईला मोकळं रडता यावं म्हणून. भिंगरीने येताना वाटेत मनाची तयारी केली होती. हेवा वाटेल, पोटात तुटेल, कदाचित आनंदही होईल, काहीही झालं तरी सोसू. मुलाने जांभई दिली. मूठ तिच्या गळ्याशी आपटली. ती वाट बघत राहिली.

काहीच वाटलं नाही. एखाद्या गिऱ्हाइकाचं भिंग हातात असावं, जपून धरायचं, पडू द्यायचं नाही, आणि मग देऊन टाकायचं, तेवढंच. तिला पहिल्यांदा स्वतःचीच भीती वाटली.

"ताई?" धाकटीने आतून हाक मारली. "रडतोय का गं?"

"नाही," भिंगरी म्हणाली. "शांत आहे. घे, मला दुकानात जायचंय."